तीन बुधवार आणि दुतोंड्या मारुती

‘नाशिकच्या गंगाघाटावरील बुधवारच्या बाजारातील 30 विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, माहितीचे विश्लेषण करावे आणि मार्गदर्शकांच्या सहीनिशी बांधीव अहवाल सादर करावा’ असे फर्मान ऑगस्टच्या 4 तारखेला, सोमवारी, आमच्या गटाच्या हाती पडले. मुदत 22 तारखेच्या शुक्रवारपर्यंत असल्याने आम्हां चौघांना ते अठरा दिवस अर्ध्या आयुष्याएवढे वाटले.

अक्षर बरे असल्याच्या गुन्ह्याबद्दल कामांची यादी करण्याची शिक्षा मला झाली. मी क्रियापदांखाली रेघा ओढल्या, तेव्हा कामे तीनच दिसली. पण प्रत्येक काम संपल्यावर हातात नेमके काय असेल, असे विचारताच एकट्या ‘सर्वेक्षणा’च्या पोटातून प्रश्नावली, तीन विक्रेत्यांवर तिची चाचणी, भरलेले 30 कागद आणि त्यांचा तक्ता अशी चार कामे निघाली. ‘प्रश्नावली जवळजवळ झाली’ हा टप्पा धरायचा नाही, ‘प्रती पिशवीत पडल्या’ हाच धरायचा, असेही मी ठरवले.

‘जबाबदारी’च्या रकान्यात मात्र गटाने जागोजागी ‘सगळे मिळून’ असे लिहवून घेतले होते. या सद्गृहस्थांना काम करताना आजवर कोणीही पाहिलेले नाही. मी त्यांना खोडून प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहिले. मदत कोणीही करावी, पण ‘झाले का?’ या प्रश्नाला उत्तर एकानेच द्यावे.

सर्वेक्षण 13 तारखेला ठेवून शेवटचे दोन दिवस मी राखीव ठेवले आणि ही दूरदृष्टी आईला दाखवली. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, “तेरा तारखेला दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, तर बाजार तुझ्या त्या दोन दिवसांत भरणार आहे का?”

घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. गंगापूर धरणातून पाणी सोडले की घाटावर काय होते, हे नाशिककराला सांगावे लागू नये. मला सांगावे लागले. जे काम आठवड्यातून एकदाच होऊ शकते, त्याची राखीव मुदत दिवसांत मोजून चालत नाही, ती बुधवारांतच मोजावी लागते. म्हणून 6 तारखेला चाचणी, 13 तारखेला सर्वेक्षण आणि 20 तारखेचा बुधवार राखीव, अशी नवी मांडणी केली. तो राखीव बुधवार वापरावा लागला, तर हाती एकच दिवस उरणार होता. त्यामुळे चाचणीच्या तीन कागदांवर तक्ता आधीच बेतून, आकड्यांच्या जागा कोऱ्या सोडून अहवाल लिहून ठेवला.

13 तारखेला 19 विक्रेते झाले आणि पावसाने बाजार उठवला. उरलेले 11 राखीव बुधवारी मिळाले. 21 तारखेच्या रात्री विजयी मुद्रेने यादीवर खुणा करत मी शेवटच्या ओळीपाशी आलो. तिथे ‘सरांची सही’ या कामापुढे, माझ्याच सुवाच्य अक्षरात, खोडायचे राहिलेले ‘सगळे मिळून’ होते.