पाच मॅचमध्ये काय कळतं?

"पाच मॅच झाल्या, आता टेबलच सांगतंय कोण खरी टीम आहे."

नाही हो, एवढ्यात काहीच सांगत नाही. फुटबॉल लीगमधली अगदी सरासरी टीम घ्या, मॅचला साधारण १.४ पॉइंट मिळवणारी, म्हणजे पाच मॅचमध्ये ७. पण एखादी पेनल्टी, एखादा बारला लागलेला बॉल, एवढ्यावर तीच टीम सहज ४ वर नाहीतर १० वर दिसते आणि आम्ही गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमला जाणारे लगेच कोच बदला म्हणून ओरडतो! आणि त्या पाचांत घरच्या किती, समोर कोण होतं, हे टेबलात कुठेच नसतं.

२००८-०९ ची हल सिटी आठवा, प्रीमियर लीगमध्ये पहिल्या ९ मॅचमध्ये २० पॉइंट, आणि शेवट ३५ वर, १७ वा नंबर, म्हणजे पुढच्या २९ मॅचमध्ये फक्त १५. माझा हिशोब असा, दहाएक मॅचपर्यंत टेबलात नशीब आणि दर्जा जवळपास अर्धे-अर्धे धरायचे. म्हणजे हलचे मॅचमागे २.२ दिसले तरी अंदाज सरासरीकडे अर्धा ओढून १.८ चा करायचा (तोही त्यांना जास्तच ठरला). वीसेक मॅचनंतर वरचे-खालचे नीट वेगळे होतात, पण मधल्या चार-पाच टीमचा क्रम सीझनच्या ३८ मॅचनंतरही तसा कच्चाच.