कटच तर घातलाय, मटण कुठंय?

घरात शाकाहारी बायको आणलेल्या (किंवा शाकाहारी नवरा, हल्ली तेही मिळतात) समस्त कोल्हापूरकरांसाठी हे चार सल्ले, फुकट. बारा वर्षं एकाच ओट्यावर संसार केल्यावर एवढा अधिकार मला पोचतो. माझं माहेर गडहिंग्लजचं, लिंगायत. तिथं अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. सासर मंगळवार पेठेतलं. रविवारी चुलीवर मटण नसलं तर शेजारी विचारायला येतात, सगळं बरं आहे नव्हं?

तर पहिला सल्ला. पीस काढून टाकले की कुठलाही पदार्थ शाकाहारी होतो, हे मनाशी पक्कं धरा. रस्सा म्हणजे पाणीच. पांढरा रस्सा तर दिसतोही दुधासारखा, मग त्यात कसलं आलंय मटण? बायकोनं ताट बाजूला सारलं तर तिला नीट समजावून सांगा की बकरं जे काही होतं ते तुमच्या ताटात आलेलं आहे, तिच्या वाटीत फक्त चव उरली आहे.

आमच्याकडे गेल्या रविवारी हेच झालं. माझं अंग कणकणत होतं, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक यांनी अंगावर घेतला. एका शेगडीवर मटण, दुसरीवर खास माझ्यासाठी अख्खा मसूर. खोटं कशाला बोलू, मसूर असा झाला होता की मी तापातसुद्धा दोन भाकऱ्या चुरल्या. वर कौतुकही केलं. म्हटलं, अहो, चव आहे तुमच्या हाताला. त्यांनी मान खाली घालून पाणी प्यायलं. मला वाटलं, लाजले.

सकाळी मसुराचं रिकामं पातेलं ओट्यावर तसंच पडलेलं. घासायला घेतलं तर कडेनं पांढुरकं, मेण लावल्यासारखं काहीतरी धरलेलं. गार पाण्यानं हलेना. आता मी काही पहिल्याच झटक्याला संशय घेणारी बाई नाही. शेंगतेल आपल्याकडच्या थंडीत गोठत नाही हे मला माहीत आहे, पण वाटणात खोबरं असतं, खोबऱ्याला तेल सुटतं आणि ते थंडीत गोठतं. तेच असेल, म्हणून मी माझीच समजूत घातली. मग अंगठ्यानं थोडं खरवडून दोन बोटांत चोळलं. खोबरेल असतं तर बोटांच्या उबेनं लगेच पाणी झालं असतं. थंडीत सकाळी डोक्याला लावताना आपण रोज बघतोच की. हे मात्र विरघळेना. बोटांवर तसंच चिकट, कणीदार बसून राहिलं. चरबी होती ती. मटणाची.

विचारलं. तर उत्तर काय? "दोन पळ्या कट घातला, चवीला. पीस न्हाई हं घातला एक बी. देवाशप्पथ."

आणि ते खरं बोलत होते! हेच तर दुखणं आहे. त्यांच्या लेखी फसवणूक झालेलीच नव्हती. सासूबाई मागून म्हणाल्या, "कटात काय असतंय ग, तेल तर आपलंच की." अहो, मिसळीच्या कटात तेल आपलंच असतं. मटणाचा कट निघतो कुठून? आधी मटण हळद-मीठ-आलं-लसूण लावून शिजवायचं. त्याचं जे पाणी निघतं ते अळणी. मग तेलात वाटण आणि कांदा-लसूण मसाला परतायचा आणि त्यात हे अळणी ओतायचं. उकळायला लागलं की मटणाची सुटलेली चरबी आणि फोडणीचं तेल एकजीव होऊन वर येतं, मसाल्याचा रंग घेतं. तो लाल तवंग म्हणजे तुमचा कट. पीस एकवेळ धुऊन निघेल, पण कटातून मटण बाहेर काढायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. आणि तसं नसतं तर मसुराला चव यावी म्हणून तुम्ही तो घातला असता का? चव मटणाची, पण मटण नाही? हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात?

वर आणखी, "तुला कळलं कुठं? आवडीनं खाल्लंस की." म्हणजे चूक माझ्या जिभेची.

असो. दुसरा सल्ला. पळी एकच ठेवा.

तिसरा. घरी पाहुणे आले की त्यांच्यादेखत बायकोला विचारा, "अंडं तरी चालतंय का?" दरवेळी विचारा. कधीतरी ती कंटाळून हो म्हणेल.

चौथा सल्ला कुकरबद्दल. रविवारी ज्या कुकरमध्ये मटणाच्या शिट्ट्या झाल्या, त्यातच सोमवारी उपासाची खिचडी... नाही, खिचडी कढईत होते, वरण-भात लावा. भांडं चकचकीत घासलेलं आहे ना, मग तक्रार कसली? स्टील खरंच निर्दोष असतं. गरम पाणी आणि साबण, की संपलं. गुन्हेगार झाकणाच्या आत बसलेलं ते काळं रबर असतं. रबराला स्निग्ध वास धरून ठेवायची खोड असते, तुम्ही कितीही घासा. खात्री करायची तर रिंग काढून कोरडी झाल्यावर नाकाशी धरा. वरणाच्या वाफेतून तो वास भातापर्यंत पोचतो आणि मग बायको घास तोंडात घेऊन गप्प बसते, तिला नखरे आहेत म्हणून. याला उपाय म्हणजे दुसरा कुकर घ्यायचीसुद्धा गरज नाही. त्याच मापाची दुसरी रिंग आणायची. ती आमच्याकडे चार वर्षं "उद्या आणतो" या नावानं प्रसिद्ध होती. मिक्सरच्या भांड्याच्या झाकणाचं रबरही त्यातलंच. लाकडी उलथनं आणि दगडी खलबत्ता तर विचारूच नका, त्यांच्या पोटात काय काय मुरतं ते तेच जाणोत.

आता शाकाहाऱ्यांनीही शिकून घ्या, तुम्ही काही कमी नाही. जोडीदार जेवायला बसला की पदर नाकाला लावा. "वास येतोय" हे रस्सा उकळायच्या आधीच म्हणा. त्याला ताट घेऊन गॅलरीत बसवा, पावसाळ्यातसुद्धा. जेवून आला की हात तीनदा धुवायला लावा आणि मगच मुलाला हात लावू द्या. हे सगळं मी केलेलं आहे, लग्नानंतर पहिली दोन वर्षं. एकदा माझी मावशी आली होती. तिनं यांच्या ताटाकडे बघून नुसतं "शिवशिव" म्हटलं. आपल्याच घरात, आपल्याच पैशानं आणलेलं, रांगेत तासभर उभं राहून आणलेलं मटण यांनी अर्धं तसंच सोडलं आणि उठून गेले. मी तेव्हा मावशीला एक शब्द बोलले नाही. तो रविवार मला अजून टोचतो, म्हणून मसुराच्या पातेल्यावरून मी भांडी आपटली नाहीत. फार आपटली नाहीत.

आणि मटण फ्रीजमध्ये ठेवताना ते नेहमी वरच्या कप्प्यात, नुसत्या पिशवीत, माझ्या कोथिंबिरीच्या बरोब्बर वर ठेवा. पिशवीला कुठंतरी भोक असतंच. थेंब खाली पडतो. कच्च्या मटणाचं पाणी कच्च्या खायच्या भाजीवर पडणं हा धर्माचा नाही, पोट बिघडायचा मामला आहे. कोशिंबीर तुम्हीही खाता, हे लक्षात आहे ना? खालचा कप्पा, झाकणाचा डबा. एवढंच. यात कुणाच्या भावनांचा प्रश्न येतोच कुठं?

आता मुखवटा पुरे. मला सांगा, अवघड काय आहे यात? आमच्या रविवारचा बेत सांगते, सासूबाईंसकट सगळ्यांना जमतो. मटण घरात यायच्या आधी वाटण होतं. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस, आलं, लसूण, कोथिंबीर, यात मांसाहारी काय आहे? कांदा-लसूण मसाल्यातही काही नाही. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी आणून मी आणि सासूबाई मिळूनच तो करतो. म्हणजे कोल्हापुरी चवीचा बारा आणे भाग दोघांचाही आहे! वाटण झालं की पहिल्यांदा माझ्या वाटणीचा गोळा वेगळ्या डब्यात निघतो, मसाल्याचे चार चमचे छोट्या बरणीत निघतात. कारण मोठ्या बरणीत मग रस्सा ढवळता ढवळता ओला चमचा जातोच, कितीही बजावलं तरी. माझं पातेलं आधी शेगडीवर चढतं. अळणीच्या जागी मसूर शिजवलेलं पाणी. पांढरा रस्सा हवा असला तर फ्लॉवर, गाजर, मटार उकडलेलं पाणी, त्यात काजू-खसखशीची पेस्ट, आणि नारळाचं दूध अगदी शेवटी, मंद आचेवर. खळखळ उकळलं की ते फाटतं. माझं झाकून बाजूला झालं, की मग शेगडी, ओटा, मिक्सर, सगळं मटणाचं. त्यानंतर मी स्वयंपाकघरात पाऊलही ठेवत नाही आणि वासाबद्दल अक्षर काढत नाही. लाल दांड्याची पळी माझी, काळ्या दांड्याची त्यांची. जेवायला मात्र एकाच टेबलावर. भाकरी एकाच बुट्टीतली.

एवढं सगळं बसवलेलं होतं हो. बारा वर्षं लागली बसवायला. आणि एका संध्याकाळी मी आडवी झाले, तर काळी पळी कटात बुडून थेट माझ्या मसुरात. प्रेमानं म्हणे. प्रेम होतं तर विचारायचं होतं. "घालू का?" दोन शब्द. मी नाही म्हटलं असतं, मसूर जरा बेताचा झाला असता, मी तरी खाल्ला असता. मी तुमच्या रश्श्यात कधी गुपचूप बटाटा टाकून मटण म्हणून वाढला का? मग? माझ्या ताटात काय आहे हे मला माहीत असायला नको? बाहेर हॉटेलात चौकशी करून जेवावं लागतं, लग्नात वाढप्याला विचारावं लागतं, तुमच्या मित्राच्या घरी तर ताटावर हात आडवा धरून बसावं लागतं. आता स्वतःच्या घरातही पातेलं खरवडून बघू?

आणि अहो, ते पातेलं तीन दिवस झाले सिंकजवळ तसंच आहे. गार पाण्यानं निघणार नाही, सांगितलंय. पाणी तापवा आणि घासा.