आधी गोळ्यांची यादी, मग डाएट

“वजन उतरवायला वय, आजार, औषधं विचारत बसू नका. शरीर सगळ्यांचं सारखंच असतं. रात्री आठ ते दुपारी बारा पाण्याशिवाय काही नाही, सकाळी रिकाम्या पोटी 51 सूर्यनमस्कार, भात-पोळी बंद. साधनं काहीच लागत नाहीत. महिन्यात आठ किलो!”

अठ्ठावीस वर्षांच्या निरोगी माणसाने हे पाळलं तर सुरुवातीला त्याचं डोकं दुखेल, चिडचिड होईल आणि थोडंफार वजनही उतरेल. आता त्याच्या आईचा विचार करू. वय 58, वजन 70 किलो, जुना मधुमेह आणि रोज सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिनची एकत्र गोळी. अशी आई आपल्याकडे शोधावी लागत नाही, आणि फॅमिली ग्रुपवरचा हा मेसेज तिच्याही फोनवर येतो.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो वा नसो, तिचं काम सुरूच राहतं. सकाळी गोळी घेतली, बारापर्यंत काही खाल्लं नाही आणि त्यात व्यायाम करणाऱ्या स्नायूंनी रक्तातली साखर ओढून घेतली, की साखर झपाट्याने उतरू शकते. 70 च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम येतो, छातीत धडधडतं. आणखी उतरली तर बोलणं असंबद्ध होतं, शुद्धही हरपू शकते. त्यात रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर थरथर आणि धडधड दबून जाते. घाम मात्र येतो, म्हणून अचानक फुटलेल्या घामाकडे दुर्लक्ष करू नये. अशा वेळी उपवासाचा विचार न करता तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी साखर तपासायची, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची आणि मग खाऊन घ्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.

याच बाईंना नुसती मेटफॉर्मिन चालू असती, तर हा धोका फारच कमी असता. म्हणून “मला शुगर आहे” एवढं सांगून भागत नाही, गोळीचं नाव सांगावं लागतं. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची आणखी एक गोळी चालू असेल तर भीती वेगळीच. भात-पोळी एकदम बंद आणि वर लांब उपवास, यामुळे रक्तात कीटोन नावाची आम्लं साचू शकतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसतात, पण मीटरवर साखर फारशी वाढलेली नसते. मग घरचे पित्त समजून वाट बघत बसतात. उपवास करायचाच असेल तर गोळीची मात्रा आणि वेळ आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. आपल्या मनाने गोळी बंद करणं हाही उपाय नव्हे.

सूर्यनमस्कार चांगलेच आहेत. पण मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवल्या असतील, तर डोकं खाली जाणाऱ्या आणि जोर लावून श्वास रोखायच्या हालचालींनी डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. हे बाहेरून कळत नाही. बाहुली मोठी करून पडदा तपासल्यावरच दिसतं.

आणि आठ किलो कशासाठी? 70 किलोच्या माणसाचं साडेतीन किलो वजन सावकाश उतरलं, तरी साखरेत फरक पडू लागतो. महिन्यात आठ किलो उतरवताना चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते परत कमावणं अवघड असतं. आईला जर जिना न थांबता चढायचा असेल, जमिनीवरून हात न टेकता उठायचं असेल, तर तिला मांड्यांची ताकद हवी. त्यासाठी खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड आणि जेवणात पुरेशी प्रथिनं लागतात. प्रथिनं किती, हे मात्र क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन पाहून ठरतं. मूत्रपिंडं अधू झाली असतील तर वाट्टेल तेवढी प्रोटीन पावडर चालत नाही.

साधनांचंही तेच. तिच्यासाठी पहिलं साधन डंबेल नव्हे, ग्लुकोमीटर आहे. तो घरात नसेल तर गोळी घेऊन रिकाम्या पोटी व्यायाम सांगूच नये. मग न हलणारी, हात नसलेली खुर्ची, घट्ट बसणारे बूट आणि असलाच तर रबरी बँड.

प्लॅन मागणाऱ्याने एवढं लिहून पाठवावं: “वय 58, वजन 70, उंची 154. मधुमेह, रक्तदाब. गोळ्यांची नावं, मात्रा आणि वेळा अशा. शेवटची एचबीए1सी, क्रिएटिनिन आणि डोळ्यांची तपासणी या तारखेची. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. घरी खुर्ची, बँड आणि ग्लुकोमीटर आहे. सकाळी अर्धा तास मिळतो. जिना न थांबता चढायचा आहे.”