साईड लोअर, ७१

भाचीचं लग्न उरकून नागपूरहून कोल्हापूरला परत येत होतो. स्लीपरचा डबा, एकूण बर्थ ७२, आणि माझा नंबर ७१. ज्यांना हा नंबर कधी लागला नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. ७१ म्हणजे शेवटचा साईड लोअर. त्याच्यापलीकडे माणसाची वस्ती संपते आणि दार, वॉश बेसिन, संडास व कचऱ्याचा डबा यांचा मुलूख सुरू होतो. बायकोचा ७२, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर. घरीही साधारण तशीच व्यवस्था आहे.

गाडी वर्ध्याच्या पुढं गेली तशी बायकोनं संत्री सोलायला घेतली. साली माझ्या हातात देत म्हणाली, "ह्या वेगळ्या पिशवीत घाला. दुसरा कचरा त्यात मिसळू देऊ नका."

मला अक्षरशः भरून आलं. घरी ओला-सुका वेगळा करा म्हणून घंटागाडीवाला रोज ओरडतो, तेव्हा ही बाई 'व्हय व्हय' म्हणून एकच बादली पुढं करते. आणि इथं चालत्या गाडीत एवढी जागरूकता! मी पिशवीला गाठ मारली आणि मनाशी ठरवलं, ह्या साली योग्य ठिकाणीच पोचवायच्या.

समोरच्या बर्थवर इचलकरंजीचे एक पाव्हणं होते. त्यांनी केळं संपवलं आणि साल खिडकीबाहेर भिरकावली.

"पाव्हणं, दंड आहे. २०१२ सालचा नियम हाय रेल्वेचा. पाचशेपर्यंत घेतात," मी म्हणालो.

"कोण घेणार? ती म्हस?" त्यांनी बाहेर चरणाऱ्या म्हशीकडं बोट दाखवलं. म्हशीनं खरोखरच मान वर केली.

अकोला येईतोवर वॉश बेसिनखालचा डबा भरला. त्याला डबा म्हणणं हाही मोठेपणाच. आमच्या न्हाणीतल्या बादलीएवढा जीव त्याचा. त्यात दहा-बारा रिकाम्या बाटल्या उभ्या राहिल्या की वर पाटी लावायची, हाऊसफुल्ल. डब्यात माणसं ७२, शिवाय वेटिंगवाली वेगळी. प्रत्येकानं एक बाटली आणि दोन चहाचे कप टाकायचे म्हटले तरी हिशोब कोलमडतो. नंतरचे कप डब्याच्या झाकणावर, मग बेसिनमध्ये, मग खाली, आणि शेवटी माझ्या चपलांजवळ येऊन थांबले.

तेवढ्यात सफाईचा पोरगा आला. विशीतला, अंगात कंत्राटदाराचं जाकीट, हातात काळ्या पिशव्यांची गुंडाळी. त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या गाठ मारलेल्या पिशवीकडं पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही टाकत नाही का?"

"ओला कचरा हाय. सुक्यात कसा टाकू?"

तो माझ्याशेजारी टेकलाच. एवढा आदर त्याला बहुतेक नोकरी लागल्यापासून कुणी दिला नसावा. मग त्यानं एक बाटली उचलली, बूच काढलं, दोन्ही हातांनी पिळून चपटी केली आणि चपटी असतानाच बूच परत घट्ट लावलं. "बूच लावलं नाही तर हवा शिरते अन् पुन्हा फुगते. ज्या जागेत एक बाटली बसते तिथं अशा चार-पाच जातात. पण पब्लिक भरल्या पोटानं फुगलेलीच टाकते."

"आणि ह्या बाटल्यांचं पुढं काय होतं?"

"कोरड्या असल्या तर भंगारात जातात. चाळीस-पन्नास जमल्या की एक किलो होतो. पण वरून कुणी भाजीचा रस्सा ओतला ना, की खेळ खल्लास. ती कोणी घेत नाही." मग चहाचा कप दाखवून म्हणाला, "हा तर कोरडा असला तरी घेत नाही. कागदाचा दिसतो, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. रद्दीवाला त्याला कागद मानत नाही, प्लास्टिकवाला प्लास्टिक मानत नाही."

घरजावयासारखीच अवस्था की त्या कपाची.

भरलेली पिशवी त्यानं बांधली आणि दाराजवळ, म्हणजे माझ्या पायांशी ठेवली. का, तर पिशव्या ठरलेल्या स्टेशनवरच उतरवायच्या, मधल्या स्टेशनवर त्या कुणी घेत नाही. तोवर त्या प्रवास करणार. भुसावळ गेलं तेव्हा माझ्या सोबतीला तीन काळ्या पिशव्या होत्या. त्यातल्या एकीतून कुणाची तरी वांग्याची भाजी हळूहळू बाहेर पडत होती. मी त्याला विचारलंच, "ते मोबाईलवर दाखवतात तसं दारातनं पिशव्या फेकून..."

"आम्ही नाही फेकत काका," तो तोडून म्हणाला. थोडा वेळ गप्प राहून पुढं म्हणाला, "पण वास सुटला की तीस माणसं येऊन मलाच शिव्या घालतात. दार उघडंच असतं. फेकणाऱ्याच्या मनात काय येत असंल ते कळतं."

जाताना त्यानं अभिप्रायाचा फॉर्म पुढं केला. सही करून 'शेरा' ह्या रकान्यात मी बाटली पिळण्याची पद्धत सविस्तर लिहिली. रकाना संपला म्हणून समासात लिहिली.

त्यानंतर मी जे केलं त्याबद्दल बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाही. मी डब्यातून फिरून लोकांच्या बाटल्या गोळा केल्या आणि पिळत बसलो. भांडण झालं ते एकाच ठिकाणी. तिथं बाटलीत पाणी शिल्लक होतं आणि ते मालकाच्या पँटवर गेलं.

रात्री दहा वाजता पोऱ्याची ड्यूटी संपली. सकाळी सहापर्यंत हा डबा देवाच्या हवाली. रात्री कुणीतरी आत बाटली टाकली असावी, कारण पहाटे संडासाचं भांडं तुंबलेलं. त्या भांड्याखाली टाकी असते, त्यात मैल्याचं पाणी आणि गॅस करणारे जिवाणू सोडलेले असतात. डीआरडीओनं शोधलेलं तंत्र आहे. पण ते जिवाणू माणसाचं खाल्लेलं पचवतात, बाटली नाही. बाटली अडकली की वरून कितीही पाणी ओता, ते परत आपल्याच भेटीला येतं. मी ७१ वर. मला कुणी येऊन सांगावं लागलं नाही.

सातारा, कराड, सांगली. साली माझ्याजवळच. प्रत्येक स्टेशनवर मी खिडकीतून हिरवा डबा शोधत होतो आणि प्रत्येक वेळी आमच्या दारासमोर निळाच येत होता. मिरजेला गाडी रेंगाळली. मी उतरलो. प्लॅटफॉर्मच्या टोकाला हिरवा आणि निळा शेजारी शेजारी उभे. हिरव्याचं झाकण उचललं, गाठ सोडली, साली आत ओतल्या आणि प्लास्टिकची पिशवी झटकून निळ्यात टाकली. धावत येऊन डब्यात चढलो तेव्हा इचलकरंजीचे पाव्हणं टाळ्या वाजवत होते. थट्टेनं असतील, पण वाजवत होते.

कोल्हापूर आलं. शेवटचं स्टेशन, घाई नव्हती. मी सामान उतरवत असताना बायको बर्थखाली वाकून काहीतरी शोधत होती.

"काय राहिलं?"

"सालींची पिशवी कुठाय?"

मी छाती काढून सगळं सांगितलं. हिरवा डबा, निळा डबा, धावपळ, टाळ्या.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उटण्याला वाळवायच्या होत्या त्या. म्हणून तर म्हटलं, दुसरा कचरा मिसळू देऊ नका."