यादी जाण्याआधीचा नकार

वाचकाची प्रतिक्रिया : "मी स्वतः खो-खो शिकवतो. दहावीच्या मुलीला सरांना 'मी येत नाही' असा व्हॉट्सअ‍ॅप करायला शिकवणारा लेख वाचून वाईट वाटलं. पाच वर्षं घडवलेली खेळाडू अशी एका निरोपात जाते. राज्याची चाचणी चार दिवसांची, तेवढ्याने कोण नापास होतं? आणि बोलायचं तर तोंडावर बोला."

सर, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझीच आहे. लेखातली ती मुलगी, माझी भाची, आदल्या संध्याकाळी मैदानावर तुमच्यासारख्याच तिच्या सरांशी बोलून आली होती, निरोप दुसऱ्या दिवशी गेला. लेखात मी फक्त निरोप छापला आणि ती भेट गाळली. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटणारच की पोरीने फोनवरून हात झटकले. तो निरोप पुन्हा देतो :

"सर, नमस्कार. काल बोलले तेच लिहून पाठवते, म्हणजे यादी करताना अडचण नको. जानेवारीत राज्याला मी येऊ शकणार नाही. दुखापत नाही, पाय बरा आहे. त्याच पंधरवड्यात दहावीची सराव परीक्षा आहे आणि लगेच तोंडी. निवड झाली तरी शिबिराला येता येणार नाही, म्हणून आत्ताच सांगते. आईबाबांना माहीत आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सरावाला आले तर चालेल का? शेवटचा पेपर झाला की रोज येईन."

आता चार दिवसांचं. राज्य अजिंक्यपद स्पर्धेतूनच राज्याचा संघ निवडतात, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. म्हणजे चांगली खेळली तर चार दिवसांवर शिबीर, त्यावर राष्ट्रीय स्पर्धेचा प्रवास. आणि 2025 साली दहावीची लेखी परीक्षा 21 फेब्रुवारीलाच सुरू झाली होती, तोंडी त्याच्याही आधी. ती राज्याला गेली असती, निवडली गेली असती आणि मग शिबिराला नाही म्हणाली असती, तर तुम्ही तिच्यावर रागावलात ते मला पटलं असतं. कारण मग दुसऱ्या एखाद्या मुलीची जागा तिने अडवली असती.

म्हणून मी निरोपाच्या तारखेवर अडून बसलो होतो. ती पहिल्या तुकडीत संरक्षणाला उतरते. तिघी एकमेकींच्या अंदाजाने पळतात. एक साखळी खेळत असताना बाकीच्या दोघींनी कुठे थांबायचं हे सवयीने ठरलेलं असतं. आदल्या आठवड्यात एक मुलगी बदलली की त्या दोघीही चुकतात. निरोप जिल्ह्याची यादी जाण्याआधी तीन आठवडे गेला, आणि राखीव मुलगी तेवढे दिवस पहिल्या तुकडीत पळली. भाचीने आधी "माझ्या जागी तिला घ्या" असंही लिहिलं होतं. ते मी काढायला लावलं. कोणाला घ्यायचं ते सरांनी ठरवायचं.

"पाय दुखतोय असं लिहू का?" हेही तिने विचारलं होतं. (घरातल्या एका मोठ्या माणसाचा सल्ला, नाव सांगत नाही, दिवाळीला भेटायचंय.) पण असं लिहिलं की सर डॉक्टरांचा कागद मागतात आणि महिनाभर पळू देत नाहीत. पुढच्या हंगामात चाचणीच्या वेळी "हिचा पाय आठवतोय ना" असं कोणीतरी बोलतंच.

मंगळवार-शुक्रवारची ओळ तुम्ही वाचलीत की नाही, शंका आहे. खेळाडू निरोपाने जात नाही, तीन महिने पूर्ण घरी बसला की जातो. दम दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो. पण दिवस कमी करून वेग तसाच ठेवला, तर बराचसा टिकतो. म्हणून ते दोन दिवस नुसत्या फेऱ्या मारण्याचे नव्हते. तिच्या सरांनी त्यात पूर्ण वेगाचे पाठलाग आणि खांबाजवळची वळणं ठेवली. सूर मारणं मात्र बंद केलं, हात दुखावला तर पेपर कसा लिहिणार? हे त्यांचंच डोकं, माझं नाही.

एका बाबतीत मात्र तुमची भीती मला खरी वाटते. कुमारी गट 18 वर्षांखालचा. भाची 15 ची आहे, म्हणजे अजून दोन हंगाम हातात. पण त्यातला दुसरा बारावीचा. हेच कारण तेव्हाही पुढे आलं तर गटातली तिची वर्षं संपतील. म्हणून अकरावीचं वर्ष पूर्ण खेळाचं, असं तिच्या आईबाबांनी सरांसमोर कबूल केलंय. हीच मुलगी 17 ची असती आणि गटातला तिचा शेवटचा हंगाम असता, तर मी तिला निरोप लिहून दिला नसता. वेळापत्रक घेऊन सरांकडे बसलो असतो.

मूळ लेखात मैदानावरच्या भेटीचा परिच्छेद आज रात्री घालतो.