बोलता यायला हवं, गाता येता कामा नये

"आई, उद्यापासून सकाळी फिरायला जायचं," असं लेकीने फोनवर फर्मावलं, तेव्हा मी तिला सांगितलं की मी घरात पुष्कळ चालते. हे खोटं नव्हतं. हे गेल्यापासून चौदा महिने मी आधी चष्मा शोधत आणि चष्मा सापडला की तो कशासाठी हवा होता ते शोधत, रोज घराला प्रदक्षिणा घालत होते. पण लेक हे व्यायामात धरत नाही. तिची खरी तक्रार वेगळीच होती. सकाळी अकराला तिचा फोन आला की माझा आवाज घोगरा यायचा आणि ती विचारायची, "सर्दी झालीय का?" सर्दी कसली? त्या दिवसातलं माझं ते पहिलं वाक्य असायचं, एवढंच.

तर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, सकाळी सहा वाजता, लेकीने माहेरी टाकून दिलेले एक नंबर मोठे बूट घालून मी बागेच्या फाटकाशी उभी राहिले. सातजण होते. सगळ्यांनी "या, या" केलं आणि कुणी काही विचारायच्या आत चालायला लागले.

आता, मी चाळीस वर्षं यांच्या पाठीकडे बघत चाललेली बाई. हे कायम चार पावलं पुढे, मी मागून लगबगीने. दुकानात, लग्नात, इस्पितळात, सगळीकडे हाच क्रम. त्यामुळे चालणं म्हणजे पुढच्याला गाठणं, अशीच माझी समजूत. मी लांब लांब ढांगा टाकायला सुरुवात केली. दुसऱ्या फेरीत दोन्ही नडग्या अशा पेटल्या, की हाडाच्या पुढच्या बाजूला कुणी पट्टीने मारतंय. बुटात पाय पुढे सरकत होता, टाच वर निघत होती आणि अंगठ्याचं नख दर पावलाला बुटाचं दार ठोठावत होतं.

तेवढ्यात एक उंच बाई उलट दिशेने माझ्याकडे आल्या. मी वळून मागे बघितलं. ह्या कुणाला घ्यायला आल्यात? मागे कुणीच नव्हतं.

ह्या आमच्या मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि माझ्या दोन्ही नाड्या तपासल्या, मनगटाची आणि बुटाची. मनगटाचा आकडा त्यांनी मोडीतच काढला. माझी रक्तदाबाची गोळी हृदयाचे ठोकेच कमी ठेवणाऱ्यांतली आहे, त्यामुळे कितीही धाप लागली तरी माझी नाडी सभ्यपणे चालते. "तुमची परीक्षा तोंडी," त्या म्हणाल्या. "चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली तर वेग जास्त. आणि गाणं म्हणता आलं तर वेग कमी."

बुटाच्या नाडीचं प्रकरण जास्त गंभीर निघालं. बुटाला अगदी वर, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं. मी आजवर ते हवेसाठी आहे असं समजत होते. मास्तरीणबाई माझ्यासमोर चक्क खाली बसल्या. त्यांच्या गुडघ्याने कटकन आवाज केला, माझ्या गुडघ्याने सहानुभूतीने उत्तर दिलं. त्यांनी प्रत्येक बाजूची नाडी त्याच बाजूच्या वरच्या भोकात बाहेरून आत घालून लहानसा फास ठेवला, मग उजवं टोक डाव्या फासातून, डावं उजव्यातून ओढलं आणि गाठ मारली. टाच जागच्या जागी बसली. माझ्या पायाशी बसून कुणी नाडी बांधण्याची ही साठ वर्षांतली पहिलीच खेप. मी उगाचच झाडाकडे बघत राहिले.

"हे आजच्यापुरतं," त्या उठताना म्हणाल्या. "बूट नवे घ्या. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजून मोठा होतो. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा पाहिजे. आणि वेग हवा तर पावलं लहान करा, भरभर टाका. ढांगा टाकल्या की नडगी बोलते."

अंगठ्याच्या नखाने मात्र हा उपदेश यायच्या आधीच राजीनामा दिला होता. ते काळं पडलं आणि कित्येक महिने रेंगाळत गेलं.

गटाचा एकच कायदा आहे. जो पुढे जाईल त्याने ठरावीक अंतरावर वळायचं, शेवटच्या माणसापर्यंत मागे यायचं आणि तिथून पुन्हा सुरू करायचं. भरभर चालणाऱ्याचं चालणं जास्त होतं, हळू चालणारा एकटा पडत नाही. चाळीस वर्षं मी पाठी बघितल्या होत्या. इथे दर काही मिनिटांनी समोरून चेहरे येत होते.

या कायद्याचा सगळ्यात जास्त फायदा आमचे दहाहजारी मनसबदार घेतात. रोज दहा हजार पावलं झाल्याशिवाय ते घरी जात नाहीत. मास्तरीणबाईंनी त्यांना एकदा सांगून टाकलं, की हा आकडा काही डॉक्टरांनी मोजून काढलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं होतं. मनसबदार दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी ते बाकावर बसून फोन धरलेला हात जोरजोरात हलवताना सापडले. नऊ हजार आठशेवर अडकले होते बिचारे.

माझा वेग जुळला तो मफलरताईंशी. उन्हाळ्यातही मफलर. त्यांचे मिस्टर आठ वर्षांपूर्वी गेले. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, तेही बोलता बोलता. हे गेल्यावर घरी भेटायला येणारे लोक समोर बसत, माझ्या चेहऱ्याकडे बघत आणि वाट बघत. मला रडू येत नसे, मग त्यांचीच पंचाईत होई. चालताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. दोघी समोरच्या रस्त्याकडे बघतो. गप्प बसलं तरी दमलोय असं वाटतं, डोळे पुसले तरी घाम वाटतो.

तर एकदा मी त्यांना सांगत होते, की मला कामात गुणगुणायची सवय होती. मी गुणगुणू लागले की हे आतून ओरडायचे, "अगं, गॅसवर काही उकळतंय का बघ!" मफलरताई इतक्या हसल्या की त्यांचा श्वास चुकला आणि तोंडी परीक्षेत आम्ही दोघी नापास झालो. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता?" मी म्हटलं, "आता कुठलं!"

लेकीचे फोन आता अकराला येतात तेव्हा ती सर्दीचं विचारत नाही. उलट "आई, मला बोलू दे" म्हणते. नडग्या सहा आठवड्यांत शांत झाल्या. गुडघे उताराला अजून कुरकुरतात, चढाला नाही. गुडघ्याच्या वाटीवर उतरताना भार जास्त पडतो म्हणतात. म्हणून मागच्या फाटकाच्या उताराला मी मफलरताईंचा दंड धरते. मफलरताई माझा धरतात. कोण कुणाला सावरतंय, हे दोघींनाही सांगता यायचं नाही.

गेल्या मंगळवारी असंच उतार संपवून आम्ही सपाटीला लागलो. ऊन नुकतंच पडत होतं. समोरून मनसबदार वळून येत होते. ते एकदम थांबले, कान टवकारले आणि खिसे चाचपायला लागले.

"कुणाचा फोन वाजतोय?"

मफलरताई माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड मिटलं.

मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "फोन नाही तो! ताई, गाणं ऐकू येतंय. वेग वाढवा!"