मधे बसलेला केक आणि कडेची जाळी

«दही-केकची तुमची कृती तंतोतंत केली. बरोबर 35 मिनिटं भाजला, सुई स्वच्छ निघाली. तरी वरून फुटला, बाहेर काढल्यावर मधे खड्डा पडला आणि आतून लगदा. दीड कप मैद्याला सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि वर अर्धा चमचा सोडा, हे प्रमाणच चुकलंय. फोटो जोडलाय. ‘ओव्हन तपासा’ एवढंच सांगू नका, ते तुम्ही सगळ्यांनाच सांगता.»

ताई, फोटो मोठा करून दोनदा बघितला. तुम्ही केक अगदी मधोमध कापलाय आणि शेजारी चहाचा चमचा ठेवलाय, त्यामुळे माझं काम सोपं झालं. खड्ड्याकडे नंतर येते. आधी कड बघा.

कडेपासून दोनेक बोटं आतपर्यंत जाळी छान आहे. भोकं बारीक, जवळपास एकसारखी, चांगल्या ढोकळ्याला पडतात तशी. सोड्याचं प्रमाण चुकलं असतं तर ही कड अशी दिसली नसती, कारण सोडा पिठात सगळीकडे सारखाच मिसळलेला असतो. तो कडेला शहाण्यासारखा वागून मधे घोळ घालत नाही. एकदा माझ्याकडून मापाच्या चमच्याऐवजी घरातल्या चमच्याने, तोही शीग लावून, सोडा पडला होता. तो केक ओव्हनमधे असतानाच भसकन वर आला आणि ओव्हनमधेच बशीसारखा बसला. कापला तर कडेपासून कडेपर्यंत मोठाली, एकमेकांत फुटलेली भोकं, रंग मातकट आणि तोंडात साबणाची चव. तुमच्या फोटोत यातलं काही नाही. शिवाय अर्धा चमचा सोडा वापरायला एक कपभर दह्याचा आंबटपणा लागतो आणि तेवढं दही कृतीत आहे. सोडा उरला तरच साबण लागतो. तशी चव आली असेल तर कळवा, चव फोटोत दिसत नाही.

आता खड्डा. त्याच्या बरोबर खाली चंद्रकोरीसारखा एक गडद, ओलसर, चकाकणारा पट्टा आहे आणि तिथे जाळी मुळीच नाही. हा भाग फुगला होता, पण शिजून घट्ट व्हायच्या आत बाहेर आला. आतली वाफ आणि हवा गार झाली, आणि ओल्या पिठाला स्वतःचं वजन पेललं नाही. अंड्याच्या केकमधे अंडंही शिजून घट्ट होतं आणि आधार देतं. आपल्या बिनअंड्याच्या केकला सगळा आधार मैद्याचा. तो मधोमध पूर्ण शिजला नाही तर खाली बसणारच.

मग सुई स्वच्छ कशी निघाली? फोटोत सुईचं भोक दिसतंय, भेगेच्या अगदी काठाशी. भेगेतून वाफ जाते, त्यामुळे तिथला भाग लवकर सुकतो. तिथे खुपसलेली सुई नेहमी खोटं बोलते. विणायची सुई मधोमध, भेग टाळून, तळापर्यंत घालायची. ओलं पीठ चिकटलं नाही आणि दोन-चार ओलसर कण आले, तर झालं.

भेगही बोलकी आहे. वरची साल गडद तपकिरी आणि भेगेच्या आतल्या भिंती मात्र फिकट. म्हणजे साल आधी कडक झाली, आतलं पीठ अजून फुगत होतं, त्याला जागा मिळेना म्हणून साल फोडून ते वर आलं. वरून आच जास्त लागली की हे होतं. भेग एका बाजूला सरकलेली आहे. ती बाजू तुमच्या ओव्हनच्या पाठीकडे होती का, हे तुम्हालाच माहीत.

एका गोष्टीत मात्र तुमचं बरोबर आहे. चूक माझ्या कृतीतच आहे, फक्त सोड्यात नाही. मी भांड्याचं माप लिहिलंच नव्हतं. माझं भांडं 7 इंची. तुमच्या तुकड्याची कडेची उंची चमच्याशी ताडून पाहिली तर सात सेंटीमीटरच्या आसपास भरते. माझा केक पाचच्या वर जात नाही. म्हणजे तुमचं भांडं बहुतेक 6 इंची असणार. एका इंचाने काय होतंय असं वाटतं, पण तळाचं क्षेत्रफळ 49 विरुद्ध 36 या हिशोबाने घटतं. तेच पीठ छोट्या भांड्यात सव्वापटीहून जास्त खोल भरतं. मधोमध आच पोचायला उशीर लागतो, आणि फुगल्यावर माथा वरच्या रॉडच्या जवळ जातो. म्हणजे वर करपायची घाई आणि आत कच्चं, दोन्ही एकदम. माझी 35 मिनिटं तुमच्या भांड्याला लागूच नव्हती. कृतीत आज दुरुस्ती केलीय.

पुढच्या वेळी 6 इंची भांडंच वापरणार असाल तर पीठ अर्ध्याच्या किंचित वर येईल इतकंच घाला, उरलेल्याचे चार कपकेक होतील. भांडं खालच्या खाचेत, रॉड फक्त खालचा, किंवा दोन्ही लावायचे तर 25 मिनिटांनी वर फॉइल सैल टाका. त्याआधी दार उघडू नका. आणि हो, ओव्हन तपासा. रागावू नका, माझ्या ओटीजीच्या बटणावर 180 असताना आत ठेवलेला थर्मामीटर 205 दाखवतो. मी गेली कित्येक वर्षं बटण 160 वर ठेवून ‘180’ चे केक करतेय.

एक गोष्ट मात्र फोटोवरून ठरत नाहीये. अगदी तळाशी बोटाच्या पेरापेक्षाही बारीक अशी एक गच्च, रबरी दिसणारी रेघ आहे. पीठ कालवून ओव्हन तापायची वाट बघत राहिलं तर अशी रेघ येऊ शकते, कारण दही पडल्याबरोबर सोडा काम सुरू करतो आणि भांड्यात जाईपर्यंत त्याचा दम निघून गेलेला असतो. पण केक गरम असताना कापला तरी सुरीने जाळी दाबली जाते आणि असंच दिसतं. तुमच्या तुकड्यावर सुरी ओढल्याच्या तिरक्या खुणा आहेत, त्यामुळे मला दुसरी शंका जास्त वाटते.

रंगाबद्दल मी मुद्दामच फार बोलले नाही. फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलाय आणि त्या उजेडात बिस्किटही करपलेलं दिसतं. सालीचा गडदपणा मी धरला तो फक्त भेगेच्या आतल्या रंगाशी तुलना करून, कारण दोन्हीवर उजेड एकच आहे.

तेव्हा दोन गोष्टी कळवा. बाहेर काढल्यावर किती वेळाने कापलात, आणि दही घातल्यापासून भांडं आत जाईपर्यंत किती मिनिटं गेली. पुढचा फोटो दिवसा, खिडकीजवळ काढा, कापलेली बाजू कॅमेऱ्याकडे करून. चमचा राहू द्या.